कारखान्यातला ट्रान्सफॉर्मर घुमायला लागलाय आणि तेलही तापतंय. कोणतं लक्षण नेमकं कशाचं?

भट्टीकर_शिरोली

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत माझा हीट ट्रीटमेंटचा छोटा कारखाना आहे. स्वतःचा ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ११ केव्ही ते ४३३ व्होल्ट, तेलाचा, चार रेडिएटर. २०११ साली नवा घेतला होता. आजवर त्याने काही त्रास दिला नाही.

गेले पंधरा दिवस त्याचा आवाज वाढला आहे. पूर्वी कुंपणाजवळ उभं राहिल्यावर बारीक गुणगुण ऐकू यायची. आता ऑफिसात बसून ऐकू येते आणि त्यात मध्येच घरघर मिसळलेली वाटते. तेलाचं तापमान दाखवणारा काटा मार्चमध्ये दुपारी ६१ वर असायचा, आता ७९ ला जातो. लोड नेहमीचाच आहे. काल दुपारी आर फेजला ४५५, वायला ३९८, बीला ४५० अँपिअर होते, म्हणजे ट्रान्सफॉर्मर अजून भरलेलासुद्धा नाही.

कंत्राटदाराने बाहेरून पाहूनच सांगितलं की कोअरचे बोल्ट सैल झालेत, टाकी उघडून कोअर बाहेर काढावा लागेल, बोल्ट कसून तेल फिल्टर करू. सहा दिवस कारखाना बंद राहील. तेल किती केव्ही सोसतं तो बीडीव्ही त्याने तपासला, ४८ आला, म्हणजे तेल चांगलं आहे म्हणे. सहा दिवस बंद ठेवणं मला परवडणारं नाही, पण खरंच गरज असेल तर करीन. आवाज कशाचा आणि ताप कशाचा, हे बाहेरून ओळखता येतं का?

वायरमन_सांगली

ओव्हरलोड आहे, दुसरं काही नाही. लोड वाढला की ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि तापतो. मे महिन्यात सगळीकडे हेच चालू आहे. एक भट्टी रात्रपाळीला घ्या, बघा फरक पडतो का.

यंत्रमागी

इचलकरंजीतून लिहितोय. आमच्याकडे हुबेहूब असंच झालं होतं, फक्त आमचा आवाज रात्री वाढायचा, माग बंद झाल्यावर. लोड कमी आणि आवाज जास्त, म्हणून आम्ही चक्रावलो होतो. शेवटी निघालं टॅपचं, म्हणजे येणाऱ्या लाइनच्या व्होल्टेजप्रमाणे वाइंडिंगचे वेढे कमी-जास्त करायच्या खिट्टीचं. फार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात व्होल्टेज पडायचं म्हणून कुणीतरी टॅप १०४५० वर करून ठेवला होता. नंतर जवळच नवीन सबस्टेशन झालं आणि रात्री लाइन ११२०० पर्यंत चढायला लागली. आमच्या पॅनेलवर रात्री ४६५ व्होल्ट दिसायचे. टॅप ११००० वर आणला, ४४० च्या आसपास आले आणि आवाज जागच्या जागी बसला. दादा, तुम्हीही टॅप बदलून बघा.

निवृत्त_सबस्टेशन

भट्टीकर, घाईने टॅपला हात लावू नका. यंत्रमागी यांचं निदान त्यांच्या ट्रान्सफॉर्मरपुरतं अगदी बरोबर होतं. तुमच्याकडेही तेच आहे का, ते आधी मोजून ठरवू.

वायरमनदादांचं म्हणणं तापाच्या बाबतीत बरोबर आहे, आवाजाच्या बाबतीत नाही. ट्रान्सफॉर्मरचा आवाज मुख्यतः कोअरच्या पत्र्यांतून येतो. चुंबकत्वाने पत्रा किंचित लांबतो आणि पुन्हा आखडतो. ते चुंबकत्व किती, हे व्होल्टेज ठरवतं. लोड दुप्पट केला तरी कोअरला त्याची फारशी खबर लागत नाही. तांब्यातला ताप मात्र करंटच्या वर्गाने वाढतो. म्हणून नुसता लोड वाढला असता तर तेल तापलं असतं आणि आवाज जवळपास तोच राहिला असता. तुमच्याकडे दोन्ही एकाच वेळी वाढलंय, लोड मात्र तेवढाच आहे. मला या जोडीचाच विचार करावासा वाटतो.

चार गोष्टी मोजून इथे लिहा. रात्री कारखाना बंद असताना पॅनेलवर किती व्होल्ट दिसतात. एलटीचा, म्हणजे ४३३ व्होल्ट बाजूचा, मुख्य ब्रेकर एसीबी उघडल्यावर, म्हणजे लोड शून्य केल्यावर, आवाज तसाच राहतो की खाली येतो. तेलाचा काटा खरा सांगतोय का. आणि काटा वाचला त्या वेळी सावलीत हवेचं तापमान किती होतं. एसीबी उघडणं हे रोजचं काम आहे, त्यासाठी कुंपणाच्या आत जायची गरज नाही.

रेवती_पुणे

आमच्या सोसायटीबाहेरच्या डीपीचाही असाच आवाज येतो, रात्री झोप लागत नाही. तक्रार केली की कुणीतरी येऊन बघून जातं. बंगल्याच्या भिंतीपासून किती अंतर असावं याचा काही नियम आहे का?

वायरमन_सांगली

काका, वीस वर्षं हे काम करतोय. लग्नसराईत गावच्या डीपीवर लोड आला की तो ओरडतोच. मी स्वतः ऐकलंय.

निवृत्त_सबस्टेशन

ऐकलं असेलच, नाकारत नाही. वाइंडिंगही लोडबरोबर थोडी थरथरते आणि ओव्हरलोड फार झाला तर ती ऐकूही येते. शिवाय लग्नाचा लोड सहसा एकाच फेजवर पडतो आणि डीपीची झाकणं, क्लॅम्प, चॅनेल सैल असतात, तेही खडखडतात. पण भट्टीकरांचा ट्रान्सफॉर्मर ६६७ अँपिअरचा आहे आणि त्यावर ४५० चालू आहेत. एवढ्या लोडने ऑफिसात ऐकू जाईल इतका आवाज होणार नाही.

रेवतीताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी स्वतंत्र धागा काढा, मी तिथे लिहितो. तोवर एवढंच बघा की तुमच्या डीपीचा आवाज दिवसभर सारखा असतो की फक्त मध्यरात्रीनंतर वाढतो.

भट्टीकर_शिरोली

काका, काल रात्री आणि आज सगळं करून पाहिलं.

रात्री दीड वाजता कारखाना बंद असताना ४३६ व्होल्ट. दिवसा लोडवर ४२६ ते ४२८.

सकाळी पाळी सुरू होण्याआधी सगळी यंत्रं बंद करून एसीबी उघडला. आवाज एकदम खाली आला, जुन्या गुणगुणीवर. आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. परत लोड घेतल्यावर लगेच वाढला नाही, साधारण नऊच्या सुमारास वाढला.

काट्याचं असं की पाकिटातला बल्ब बाहेर काढून पाहिला नाही, पण इन्फ्रारेड गनने कुंपणाबाहेरून टाकीचा वरचा भाग पाहिला. ७४ दाखवलं, काटा ७८ वर होता. म्हणजे काटा खोटं बोलत नाही. हवेचं तापमान दुपारी तीनला शेडमध्ये ४० होतं. मार्चमधल्या त्या दिवसाची नोंद वहीत सापडली, तेव्हा ३५ होतं.

बाकी आठवडा वाईटच चाललाय. दोन नंबरची भट्टी ८५० ला पोचायला दीड तास घ्यायची, ती आता सव्वादोन तास घेते. एलिमेंट जुनी झाली असतील, तो खर्च वेगळाच.

निवृत्त_सबस्टेशन

आता बरंच काही हाताला लागलं.

४३६ व्होल्ट म्हणजे टॅप योग्य जागी आहे, कोअरवर जास्तीचं व्होल्टेज नाही. टॅपचा विषय संपला.

एसीबी उघडल्यावर आवाज गेला, म्हणजे कंत्राटदाराने सांगितलेला आजार जवळजवळ बाद होतो. कोअरचे बोल्ट सैल असते तर लोड शून्य केल्यावरही घरघर राहिली असती, कारण ११ केव्ही चालू आहे आणि कोअर तेवढाच चुंबकला जातोय. टाकी उघडायला त्यांना थांबायला सांगा.

मग लोडमधलंच काहीतरी कोअरला त्रास देतंय. तेही सगळा लोड नाही, नऊ वाजता सुरू होणारं काहीतरी. नऊला काय सुरू होतं? आणि ती दोन नंबरची भट्टी कशावर चालते, कॉन्टॅक्टरवर की थायरिस्टरवर?

भट्टीकर_शिरोली

नऊला दोन नंबरची भट्टीच सुरू होते! थायरिस्टरवर आहे. ९० किलोवॉट, तीन झोन, प्रत्येक झोन ३० किलोवॉटचा, फेज आणि न्यूट्रलमध्ये जोडलेला. एक नंबरची कॉन्टॅक्टरवर आहे, ती सातला लागते. पण भट्टी उशिरा तापते म्हणजे ती कमी करंट घेते ना? कमी करंट घेणारं यंत्र ट्रान्सफॉर्मरला कसं तापवेल?

निखिल_मस्कत

मी मस्कतला पॅनेलचं काम करतो. काका कुठे चाललेत ते लक्षात आलं, त्यात माझी एक भर. भट्टी चालू आणि भट्टी बंद, अशी दोन रेकॉर्डिंग मोबाइलवर करा, कुंपणाबाहेरून, एकाच जागी उभं राहून, आणि कुठल्याही स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या अॅपमध्ये टाका. आपल्याकडे ५० सायकल, त्यामुळे निरोगी ट्रान्सफॉर्मर १००, २००, ३०० वर बोलतो. पत्रा दोन्ही अर्ध्या सायकलींना सारखाच लांबतो, म्हणून एका सायकलीत दोन धक्के. एक अर्धी सायकल दुसरीपेक्षा जड झाली की ते दोन धक्के सारखे राहत नाहीत आणि ५०, १५०, २५० च्या रेषा उगवतात. मोबाइलच्या माइकला ५० नीट ऐकू येत नाही, त्यामुळे १५० आणि २५० कडे बघा.

वायरमन_सांगली

थायरिस्टर गेला की शॉर्टच होतो. शॉर्ट झाला असता तर भट्टी बेफाम तापली असती, उशिरा नाही. म्हणून थायरिस्टर ठीक आहे, एलिमेंटच गेली आहेत.

निवृत्त_सबस्टेशन

वायरमनदादा, अर्धं बरोबर आहे. थायरिस्टर स्वतः जळला तर बहुधा शॉर्ट होतो आणि झोन नियंत्रणाबाहेर जातो. पण तो जिवंत असून त्याला चालू व्हायचा हुकूमच पोचला नाही तर? प्रत्येक झोनला पाठीला पाठ लावलेले दोन थायरिस्टर असतात, एक वरच्या अर्ध्या सायकलीसाठी आणि एक खालच्या. एकाची गेट वायर सुटली तर तो गप्प राहतो आणि दुसरा एकटाच काम करतो. झोनला फक्त अर्धी लाट मिळते. शक्ती निम्मी, ३० ऐवजी १५ किलोवॉट. भट्टी उशिरा तापणारच.

भट्टीकर, तुमच्या शंकेचं उत्तर इथे आहे. ३० किलोवॉटचा झोन सुमारे १२५ अँपिअर घेतो. अर्ध्या लाटेवर त्यात जवळपास ५६ अँपिअर डीसी येतो, कायम एकाच दिशेने वाहणारा. साधा टॉंगटेस्टर फक्त एसी मोजतो, तो तुम्हाला ६५-७० दाखवेल, म्हणून करंट कमी झाल्यासारखा वाटतो. डीसी त्याला दिसतच नाही. तुमच्या ट्रान्सफॉर्मरला स्वतःचा कोअर चुंबकायला दहा-बारा अँपिअरच पुरत असतील. त्याच्या त्या फेजवर ५६ चा एकतर्फी जोर आला की कोअर एका बाजूला ढकलला जातो आणि प्रत्येक सायकलीत एकदा गच्च भरतो. भरलेल्या कोअरमधून चुंबकत्व बाहेर सांडतं आणि टाकीच्या पत्र्यात, क्लॅम्पमध्ये शिरतं. घरघरही त्यातूनच येते आणि तापाचा काही भागही.

तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये वाय फेज ३९८ होता आणि बाकीचे दोन साडेचारशेच्या आसपास. मी ते वाचलं आणि पुढे गेलो, माझं तिथे चुकलं.

डीसी मोजणारा टॉंगटेस्टर मिळवा, हॉलवाला. भट्टी पूर्ण जोरात तापत असताना तिन्ही झोन आणि न्यूट्रल मोजा.

यंत्रमागी

आमच्याकडे एसी ड्राइव्ह आहेत पुष्कळ. त्यांच्यामुळेही असं होतं का?

निवृत्त_सबस्टेशन

ड्राइव्ह धड असेल तर डीसी येत नाही. ड्राइव्हचा त्रास वेगळा आहे, त्यातले पाचवे-सातवे हार्मोनिक वाइंडिंगमध्ये भोवरी प्रवाह वाढवतात आणि तेल तापतं. आवाज थोडा चिरका होतो, पण असा घरघरत नाही. ड्राइव्हच्या इनपुट ब्रिजमधला एखादा डायोड उघडा पडला तर मात्र तिथूनही डीसी येतो.

भट्टीकर_शिरोली

सापडलं! शेजारच्या गाळ्यातून डीसीवाला टॉंगटेस्टर आणला. आर झोन १२४ एसी, डीसी शून्याच्या जवळ. बी झोन तसाच. वाय झोन एसीवर ६७ आणि डीसीवर ५५! न्यूट्रलवरही ५५ डीसी.

भट्टी बंद करून, लॉक लावून पॅनेल उघडलं. वाय झोनच्या खालच्या थायरिस्टरची गेट वायर लगमधून निसटली होती. हीटसिंकला टेकून तिचं आवरण भाजून कडक झालं होतं, हात लावताच तुटलं. नवीन सिलिकॉनची वायर टाकली, लग दाबून बसवला, हीटसिंकपासून लांब बांधली. भट्टी चालू केली आणि ट्रान्सफॉर्मर शांत. कामगार बाहेर येऊन विचारायला लागले, लाइट गेली का.

निखिल, रेकॉर्डिंगही केलं. आधीच्यात १५० आणि २५० च्या रेषा चांगल्या उंच होत्या, नंतरच्यात १५० जवळजवळ गेली. ३०० मात्र अजून बऱ्यापैकी आहे.

काका, तुमचे उपकार विसरणार नाही.

वायरमन_सांगली

मानलं काका. आणि भट्टीकरदादा, एलिमेंटचा खर्च वाचला तुमचा. मी आजवर असा एसी-डीसी फरक कधी मोजला नव्हता. त्या टॉंगटेस्टरचं माप किती लागतं? ४०० अँपिअरचा पुरेल का?

निखिल_मस्कत

झोनला पुरेल. मुख्य केबलला १००० चा घ्या. मोजण्याआधी डीसीवर शून्य करायचं बटण दाबायला विसरू नका, नाहीतर तो स्वतःचाच चार-पाच अँपिअर दाखवतो.

भट्टीकर_शिरोली

मंडळी, आज तिसरा दिवस. आवाज ठीक आहे. पण तेल दुपारी चारला अजून ७१. हवा ४०. म्हणजे मार्चच्या ६१ वर गेलंच नाही. हे चांगलं की वाईट?

निवृत्त_सबस्टेशन

भट्टी सकाळपासून सलग चालू होती ना? तेल हळू तापतं आणि हळू निवतं, लोड स्थिर होऊन तीन-चार तास गेल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

सलग असेल तर हवा वजा करून बघा. मार्चमध्ये ६१ उणे ३५, म्हणजे वाढ २६. बिघाड असताना ७९ उणे ४०, वाढ ३९. आता ७१ उणे ४०, वाढ ३१. ऋतूमुळे पाच अंश वाढले, ते तुमच्या ट्रान्सफॉर्मरचे नाहीत. गेट वायरमुळे आठ आले होते, ते गेले. पाच अजून उरलेत आणि त्यांना काहीतरी कारण आहे.

लोड तोच, आवाज बरा, तरी वाढ जास्त, तर मी उष्णता बाहेर पडण्याच्या वाटेकडे बघतो. गनने चारही रेडिएटर वरपासून खालपर्यंत बघा, कुंपणाबाहेरूनच. वर गरम आणि खाली आठ-दहा अंशांनी थंड, असं चारही सारखे दिसायला हवेत.

भट्टीकर_शिरोली

तीन रेडिएटर वर ६७-६८, खाली ५८ च्या आसपास. शेडच्या बाजूचा चौथा वरपासून खालपर्यंत ४३!

आता आठवलं. फेब्रुवारीत त्याच रेडिएटरच्या खालच्या वेल्डला तेल झिरपत होतं. नंतर कधीतरी एकाकडून दुरुस्त करून घेतलं होतं. मार्चची ६१ ची नोंद मात्र त्यानंतरची की आधीची, ते वहीवरून कळत नाही. दुरुस्तीची तारीख लिहिलीच नाहीये.

वायरमन_सांगली

व्हॉल्व्ह बंद राहिला! पान्याने उघडा, पाच मिनिटांचं काम.

सुजाता_तेल

थांबा, कृपया तसं करू नका. मी ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये तेलाच्या चाचण्या बघते, गेले दोन दिवस हा धागा वाचतेय.

वेल्ड करायला त्यांनी तो रेडिएटर रिकामा केला असणार. परत भरला की नाही, कुणाला माहीत? रिकामा असेल आणि तुम्ही चालू ट्रान्सफॉर्मरवर व्हॉल्व्ह उघडलात तर टाकीतलं तेल त्यात उतरेल आणि त्यातली हवा टाकीत चढेल. वरची तेलाची छोटी टाकी, म्हणजे कंझर्वेटर, रिकामा होईल. हवेचे बुडबुडे वाइंडिंगजवळ गेले तर ११ केव्हीला ते सहन होत नाही.

शटडाऊन घ्या. एचटी बाजू उघडून अर्थ करा, एलटीही वेगळी करा आणि डीजी चुकून उलट बाजूने व्होल्टेज देणार नाही याची खात्री करा. आधी रेडिएटरच्या वरचा हवेचा प्लग सैल करायचा आणि मग खालचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. प्लगमधून बुडबुडे न येता सलग तेल आलं की प्लग बंद, मग वरचा व्हॉल्व्ह उघडायचा. हे करताना कंझर्वेटरची पातळी सारखी बघत राहा आणि ती उतरेल तसं त्याच ग्रेडचं, चाचणी केलेलं तेल वरून घालत राहा. नंतर काही तास तसंच राहू द्या, बुशिंगचे आणि टाकीचे हवेचे प्लग पुन्हा एकदा सोडून बघा, मगच चार्ज करा.

दुसरी गोष्ट, बीडीव्ही ४८ आला म्हणून निश्चिंत होऊ नका. बीडीव्ही सांगतो की तेलात ओल आणि कचरा किती आहे. ट्रान्सफॉर्मर आतून तापला का, हे तो सांगत नाही. पंधरा दिवस टाकीत आणि क्लॅम्पमध्ये सांडलेलं चुंबकत्व फिरत होतं. कुठे लोखंड फार तापलं असेल तर तेलात इथिलिन दिसेल. ठिणगी उडाली असेल तर अॅसिटिलिन. कागद भाजला असेल तर कार्बन मोनॉक्साइड वाढेल. म्हणून विरघळलेल्या वायूंची चाचणी करून घ्या.

वायरमन_सांगली

ताई, मग तेल फिल्टर करूनच घेऊ द्या ना एकदाचं, शटडाऊन घेतलाच आहे तर.

सुजाता_तेल

नमुना काढायच्या आधी अजिबात नको. फिल्टर मशीन तेल गरम करून व्हॅक्युममधून फिरवतं, त्यात विरघळलेले सगळे वायू निघून जातात. पंधरा दिवसांत आत काय झालं याची एकमेव नोंद तेलात आहे, ती पुसून जाईल. आधी नमुना, मग काय ते.

नमुना काचेच्या सिरिंजमध्ये घ्या, खालच्या व्हॉल्व्हमधून, आधी लिटरभर तेल वाहू देऊन. पाण्याच्या बाटलीत घेऊ नका, अर्धे वायू तिथेच उडतात. आणि रेडिएटर उघडण्याच्या आधी घ्या, नंतर नवीन तेल मिसळतं. एका नमुन्यावर फार भरवसा ठेवता येत नाही. महिन्याने दुसरा घ्या. आकडा किती आहे यापेक्षा तो वाढतोय का, हे मी जास्त बघते.

निवृत्त_सबस्टेशन

सुजाताताईंनी सांगितलेलं सगळं तसंच करा. माझा एकच मतभेद आहे. तुमचा ट्रान्सफॉर्मर ५०० केव्हीएचा, म्हणजे बुकोल्झ रिले बहुधा नसणारच. तो असता तर गॅस आपोआप कळला असता. नसेल तर मी पहिला अहवाल येईपर्यंत दोन नंबरची भट्टी चालवली नसती.

सुजाता_तेल

काका, मला तेवढी भीती वाटत नाही. डीसी गेला, आवाज गेला, तापाची वाढ खाली आली. आत काही बिघडलं असतं तर ३१ वर थांबलं नसतं. पण ट्रान्सफॉर्मर त्यांचा आहे, निर्णय त्यांनी घ्यावा.

यंत्रमागी

भट्टीकरदादा, ब्रीदरचा सिलिका जेल निळा आहे का गुलाबी? हवा-तेलाचा एवढा खेळ झाल्यावर तोही बघा.

भट्टीकर_शिरोली

खालचा एक तृतीयांश गुलाबी झालाय. बदलतो.

काका, ताई, दोघांचंही पटतंय, म्हणून मधला मार्ग घेतला. दोन नंबरची भट्टी चालू ठेवली आहे, पण तिच्यात घालायचा माल निम्मा केलाय आणि दर तासाला तेल आणि हवा दोन्ही वहीत लिहितोय. सिरिंज प्रयोगशाळेतून मागवली, आज सकाळी नमुना दिला. सोमवारी सुट्टी आहे, त्या दिवशी शटडाऊन घेऊन रेडिएटर भरतो. तेलाचं पिंप आलंय, त्याच्या चाचणीचा कागदही बरोबर आहे. कंत्राटदाराला टाकी न उघडण्याचं सांगितलं.

एकच प्रश्न राहिला. रेकॉर्डिंगमधली ती ३०० ची रेषा. कानाला अगदी बारीक किणकिण ऐकू येते, लोड असो नसो.

निखिल_मस्कत

३०० निरोगी ट्रान्सफॉर्मरमध्येही असते. पण लोड नसतानाही येत असेल तर काहीतरी सैल पत्रा तिच्या सुरात सूर मिळवतोय. केबल बॉक्सचं झाकण?

निवृत्त_सबस्टेशन

किंवा रेटिंग प्लेटचे स्क्रू, किंवा तापमानाच्या काट्याची क्लिप. सोमवारी शटडाऊनमध्ये सगळं कसून घ्या. त्यानेही गेली नाही तर चाकांखाली रबरचे पॅड आहेत की चाकं थेट चॅनेलवर आहेत, ते लिहा.

भट्टीकर_शिरोली

चाकं थेट चॅनेलवर आहेत, आणि पहिल्या दिवसापासून तशीच आहेत. सोमवारी रात्री कळवतो.